पानावरचा डाग, मुळातली मर

पाऊस सरला, ऑक्टोबरचे ऊन तापून गेले, की कोकणातल्या, गोव्यातल्या आणि कर्नाटकातल्या मिरीच्या बागांमधून एकाच तऱ्हेचे फोटो निघू लागतात. सुपारीच्या खोडावर चढलेला मिरीचा वेल, निम्मी पाने पिवळी, बुंध्याकडचा भाग उघडा पडलेला, एखाददुसरी फांदी काळी होऊन लोंबणारी. आणि फोटोखाली प्रश्न, हा कोणता रोग आणि यावर काय फवारायचे? कृषी अधिकाऱ्याकडे, खतविक्रेत्याकडे, शेजारच्या जाणत्या बागायतदाराकडे हा फोटो जातो आणि बहुतेक वेळा तासाभरात उत्तरही येते : जलद मर, बोर्डो मारा. उत्तर कदाचित बरोबर असते. पण ते फोटोतून मिळालेले नसते. नोव्हेंबरात पिवळा पडलेला वेल म्हणजे जलद मर असणार, या सवयीतून ते आलेले असते. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे, की मिरीच्या पानावरचा रोग फोटोवरून पुष्कळ खात्रीने ओळखता येतो, मिरीचा वेल मरण्याचे कारण मात्र फोटोवरून ओळखता येत नाही, आणि लोक फोटो काढतात तो नेमका या दुसऱ्या गोष्टीचा. पहिल्या गोष्टीचा फोटो, जो खरोखर उपयोगी पडला असता, तो जून-जुलैच्या पावसात कोणी काढत नाही.

जलद मर घडवणारा जीव फायटोफ्थोरा कॅप्सिसी. सोयीसाठी त्याला बुरशी म्हटले जाते, पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. त्याच्या पेशींची भिंत मुख्यतः सेल्युलोजची असते आणि त्याची बीजे शेपटी हलवत पाण्यात पोहतात. दोन्ही गोष्टी बागायतदाराच्या कामाच्या आहेत. पोहणाऱ्या बीजांमुळे हा रोग पाण्याबरोबर चालतो : उताराने वाहणाऱ्या पाण्यातून बुंध्याकडून बुंध्याकडे, आणि पावसाच्या थेंबाने उडालेल्या मातीतून जमिनीवरून पानावर. खरी बुरशी नसल्यामुळे खऱ्या बुरशीवरची काही औषधे त्याला लागूच पडत नाहीत. इंडोनेशियात लांपुंगच्या मिरीमळ्यांतून या रोगाचा कारक जीव १९३६ मध्ये वर्णिला गेला. केरळात मिरीच्या वेलातून फायटोफ्थोरा वेगळा करून तो रोगाचे कारण असल्याची नोंद १९६६ ची. म्हणजे वेल मरत होते त्याच्या कितीतरी नंतर कारण कळले. उशीर व्हायला कारणेही होती. हा जीव वेलावर तीन ठिकाणी हल्ला करतो, पानावर, बुंध्यावर आणि तंतुमुळांवर, आणि तिन्ही ठिकाणांचे वेळापत्रक वेगवेगळे आहे. एकाच रोगाची तीन रूपे तीन निरनिराळ्या महिन्यांत दिसतात, आणि त्यातले सर्वांत घातक रूप सर्वांत उशिरा आणि सर्वांत अस्पष्ट दिसते.

पानापासून सुरुवात करू, कारण तिथे फोटोची बाजू भक्कम आहे. जूनचे पहिले मोठे पाऊस पडले, तापमान २२ ते २९ अंशांच्या दरम्यान आले आणि पाने दिवसचे दिवस ओली राहू लागली, की बुंध्यापासून निघून जमिनीवर पसरलेल्या सरपटत्या फुटव्यांची कोवळी पाने आधी बळी पडतात. पानावर गडद, पाणी झिरपल्यासारखा काळा डाग येतो आणि झपाट्याने मोठा होतो. वाढत्या डागाच्या कडेला बारीक, झालरीसारखे तंतू दिसतात. जणू शाईचा थेंब टीपकागदावर पसरतो आहे. ही झालर या रोगाची खूण. पान आकाशाकडे धरून, उजेड मागून येईल असा फोटो काढला तर ती चांगली उमटते. फ्लॅश टाकला तर ओल्या पानाची चमक तिला पार झाकून टाकते. उघाड पडली आणि डाग सुकला की कड नुसती सपाट होते, म्हणून फोटो डाग ताजा असतानाच काढायला हवा. याच दिवसांत मिरीवर दुसरा एक पानडाग येतो, करपा. तो कोलेटोट्रिकम नावाच्या खऱ्या बुरशीचा. त्याचा डाग तपकिरी, वेडावाकडा किंवा कोनदार असतो आणि भोवती पिवळे वलय असते. घोसातल्या दाण्यावर गेला तर दाण्याला खोलगट डाग पडून तो तडकतो. झालर आणि काळेपणा एका बाजूला, पिवळे वलय आणि तपकिरी रंग दुसऱ्या बाजूला. ताज्या डागाच्या स्वच्छ फोटोवरून हा निवाडा होऊ शकतो, आणि तो करण्याने फरकही पडतो. कार्बेन्डाझिम करप्यावर चालते, फायटोफ्थोरावर चालत नाही. मेटॅलॅक्झिल फायटोफ्थोरावर चालते, करप्यावर नाही. बोर्डो मिश्रण दोन्हींना आवरते, म्हणून बोर्डो वापरणाऱ्याची चूक झाकली जाते. दुकानातून ‘बुरशीनाशक’ एवढ्याच नावाने पुडी आणणाऱ्याची झाकली जात नाही.

बुंध्यावरचा हल्ला याच्या अगदी उलट. जमिनीलगत खोडाला लागण झाली की वरच्या पानांना पिवळे पडायलाही वेळ मिळत नाही. वेल कोमेजतो, पाने हिरवी असतानाच गळतात, त्यांवर काळे डाग असतील किंवा नसतील. घोस झडतात, फांद्या पेरापेरांत तुटतात आणि महिन्याभरात आधाराच्या झाडावर काड्या उरतात. ‘जलद’ हे विशेषण या रूपाचे आहे. इथे फोटो काही सांगत असेल तर तो वेलाचा नसून वेलाखालच्या जमिनीचा. भर पावसात बुंध्याभोवती हिरव्या पानांचा सडा पडलेला दिसला, तर पाण्याचा ताण किंवा खताची कमतरता यांचा संशय सोडून द्यावा. त्या कारणांनी पडणारी पाने आधी पिवळी होतात. पण यापुढची खात्री चाकूची. बुंध्याची साल नखाएवढी खरवडली तर निरोगी वेलाच्या सालीखाली हिरवट-पांढरा, कोरडा भाग असतो. रोगट वेलाची साल काळपट, बुळबुळीत होऊन सहज सुटते आणि तिला कुजका वास येतो. वास फोटोत येत नाही, हे वेगळे सांगायला नको. पण खरवडल्यानंतरचा रंग येतो, आणि बुंध्याच्या शंभर फोटोंमध्ये खरवडलेला बुंधा क्वचितच एखाद्यात सापडतो.

आता तिसरे रूप, ज्याच्यामुळे नोव्हेंबरचा गोंधळ होतो. लागण फक्त तंतुमुळांपुरती राहिली तर पावसाळ्यात वरून काहीच दिसत नाही. जमीन ओलीगच्च असते, हवा दमट असते, ढगांमुळे पानांतून पाणी कमी उडते. निम्मी मुळे कुजली तरी उरलेल्यांवर वेलाचे भागते. पाऊस थांबतो, ऊन चढते, पानांची पाण्याची मागणी वाढते, आणि तेव्हा तुटवडा उघडा पडतो. पाने पिवळी होतात, गळतात, वेलाचा एखादा भाग वाळतो. जुलैत झालेली इजा अशी ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसते. यातले पुष्कळ वेल त्या वर्षी मरत नाहीत. पुढच्या पावसात नवी पालवी फुटते, बागायतदार निर्धास्त होतो, आणि एखाद-दोन हंगामांनी कूज मुळांतून बुंध्यापर्यंत चढली की वेल जातो.

याच काळात, याच रंगात, जवळजवळ याच चालीने दिसणारी दुसरी व्याधी म्हणजे मंद मर. तिच्यामागे प्रामुख्याने दोन सूत्रकृमी असतात. रॅडोफोलस मुळात शिरून आतला भाग पोखरतो, मेलॉइडोगायनी मुळांवर गाठी आणतो. कधी त्यांच्या जोडीला फायटोफ्थोराही असतो, कारण जखमी मूळ त्याला सोपे जाते. मंद मरीचा वेलही ऑक्टोबरपासून पिवळा पडू लागतो आणि पावसाळ्यात सावरतो. जाणकारांनी दोन सूत्रकृमींच्या पिवळेपणातला फरकही टिपला आहे : गाठीवाल्याने ग्रासलेल्या वेलाच्या पानात शिरा गडद हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो, पोखरणाऱ्याच्या बाबतीत पान सरसकट फिकट होऊन मान टाकते. खूण खरी आहे, पण फोटोत तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. शिरा हिरव्या आणि मध्ये पिवळे हे मॅग्नेशियमच्या कमतरतेचेही चित्र आहे, आणि सरसकट फिकेपणा नत्र कमी पडल्यानेही येतो. शिवाय दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत फोन स्वतःच रंग दुरुस्त करतो, तेव्हा फिकट हिरवा आणि पिवळा यांच्यातली रेघ फोन ठरवतो. मुळे कुजलेला वेल, मुळे पोखरलेला वेल आणि पाट तुंबून मुळे गुदमरलेला वेल यांचे नोव्हेंबरातले फोटो शेजारी शेजारी ठेवले तर त्यांतला फरक विचारल्यावर प्रामाणिक माणूस गप्प राहील.

एक उदाहरण तपशिलात घेऊ. समजा फोंड्याच्या बाजूच्या एका कुळागरातून नोव्हेंबरच्या सुरुवातीला तीन फोटो आले आहेत. पहिल्यात पूर्ण वेल : वरची पाने पिवळट, खालचा हातभर भाग उघडा. दुसऱ्यात तळहातावर ठेवलेले एक पिवळे पान. तिसऱ्यात एक काळा डाग पडलेले पान. पहिला फोटो सांगतो की मुळांकडून पाणी कमी येत असावे. का, हे सांगत नाही. खालचा भाग उघडा पडणे हे दाट सावलीतल्या जुन्या वेलांत रोगाशिवायही घडते. दुसरा फोटो जवळजवळ निरुपयोगी आहे. तिसऱ्यातला डाग सुकलेला आहे, मध्यभाग राखाडी, झालर नाही. तो फायटोफ्थोराचा असेल तर एवढेच कळते, की पावसाळ्यात हा जीव बागेत होता. याच वेलाच्या मुळांत तो आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. फोटो पाहणाऱ्याच्या मनात मात्र नेमकी हीच उडी घेतली जाते, कारण तीन फोटो एकामागून एक पाहिले की ते एकाच गोष्टीचे तुकडे वाटतात.

आता याच वेलाजवळ जाऊन कुदळ घेऊ. बुंध्यापासून फूटभर अंतरावर, वीतभर खोल खणून दोन मुठी माती मुळांसकट काढायची, बादलीत हलक्या हाताने धुवायची आणि ओल्या पांढऱ्या फडक्यावर मुळे पसरायची. निरोगी तंतुमुळे पांढरी-पिवळसर आणि ताठ असतात. मुळांवर मणी ओवल्यासारख्या गाठी असतील तर गाठीवाला सूत्रकृमी. पांढऱ्या मुळावर नारिंगी ते जांभळट-तपकिरी लांबट चट्टे असतील तर पोखरणारा. मुळे मऊ, तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढल्यावर बाहेरचे आवरण हातात येऊन मधला दोरा उरत असेल तर कूज. समजा आपल्या वेलाची मुळे या शेवटच्या प्रकारची निघाली, गाठी जेमतेम चार-पाच, आणि बुंधा खरवडला तर आत हिरवट-पांढरा. मग बागेत नजर टाकायची. पिवळे पडलेले सगळे वेल पाटाच्या कडेला, उताराच्या टोकाशी आहेत, आणि पाट ऑगस्टभर पालापाचोळ्याने तुंबला होता असे घरचे सांगतात. आता निदान बऱ्यापैकी उभे राहते : पावसाळ्यात तंतुमुळांना झालेली कूज, बुंध्यापर्यंत अजून न पोचलेली, पाण्याच्या वाटेने पसरलेली. यातला एकही निर्णायक पुरावा मूळच्या तीन फोटोंमध्ये नव्हता. मजा अशी, की पांढऱ्या फडक्यावर पसरलेल्या मुळांचा फोटो उत्तम येतो आणि दूरच्या तज्ज्ञाला तो पाठवला तर तो खरोखर काही सांगू शकतो.

निदानानंतर उपायाची वेळही बदलते, आणि फोटोवरून घाईने दिलेल्या सल्ल्याचा खरा तोटा इथे होतो. नोव्हेंबरात पानांवर बोर्डो मारून कुजलेली मुळे परत येत नाहीत. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेची शिफारस पावसाळ्याभोवती बांधलेली आहे : पहिले काही पाऊस झाल्यावर, मे-जूनमध्ये, बुंध्याभोवती ४५ ते ५० सेंटिमीटरच्या घेरात ०.२ टक्के कॉपर ऑक्सिक्लोराइडचे द्रावण, म्हणजे लिटरला दोन ग्रॅम, वेलाच्या आकाराप्रमाणे पाच ते दहा लिटर ओतायचे आणि पानांवर एक टक्का बोर्डो फवारायचे, ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा, पाऊस लांबला तर ऑक्टोबरात तिसऱ्यांदा. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. शिवाय पावसाआधी सरपटते फुटवे छाटायचे किंवा आधाराला बांधून वर घ्यायचे, आधाराच्या झाडाच्या फांद्या विरळ करायच्या, आणि पाट मोकळे ठेवायचे. आपल्या उदाहरणातल्या वेलासाठी नोव्हेंबरात करण्याजोगे थोडेच उरते : पाट उपसणे, उरलेल्या थोड्या मुळांवर उन्हाळा निघावा म्हणून आच्छादन आणि बेताचे पाणी, बुंध्यालगतची माती न खणणे. खरी लढाई पुढच्या जूनची.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवी डोळ्याचा. वर्षानुवर्षे बागा पाहिलेला माणूस फोटो पाहताक्षणी सांगतो आणि त्याचे खरे ठरते, हे कसे? ठरते, यात शंका नाही. पण असा माणूस काय करतो ते नीट पाहावे. तो फोटो पाहून लगेच विचारतो : वेल कधीपासून पिवळा? पाने आधी पिवळी झाली की हिरवीच गळली? शेजारचे कसे आहेत? उताराला आहे का? मागच्या वर्षी असे होऊन सावरला होता का? त्याच्या निदानाचे वजन या उत्तरांत असते. मागच्या वर्षी पिवळा पडून सावरलेला वेल म्हणजे मुळांचे जुने दुखणे. आठ दिवसांत हिरवी पाने झाडून उभा राहिलेला वेल म्हणजे बुंधा. फोटो तिथे संवादाचे निमित्त असतो. आणि जो काहीही न विचारता सांगतो, त्याचे खरे ठरण्यामागे आणखी एक साधे कारण असते : पावसाळी बागांत फायटोफ्थोरा इतका पसरलेला आहे, की न बघता ‘जलद मर’ म्हणणाराही बऱ्याचदा बरोबर निघेल. चुकतो ते कळत नाही, कारण मेलेल्या वेलाची मुळे कोणी धुवून पाहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आणि म्हणून अधिक वजनदार आहे. खणा, धुवा, खरवडा हे करायला मजूर आणि वेळ लागतो. त्यापेक्षा संशय आला की सगळेच द्यावे, तांबे ओतावे, सूत्रकृमीचे औषध द्यावे, ट्रायकोडर्मा टाकावा, काहीतरी लागू पडेल. मला हा युक्तिवाद नुसता आळसाचा वाटत नाही. पण तो स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारतो. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे आणि ताम्रयुक्त द्रावण तिलाही मारते. दोन्ही वापरायचे तर मध्ये काही आठवड्यांचे अंतर हवे, एकाच दिवशी दिले तर ट्रायकोडर्माचे पैसे मातीत जातात, तेही शब्दशः. सूत्रकृमींचा उपद्रव असलेल्या बागेत तांब्याने मुळे वाचत नाहीत. तिथे निंबोळी पेंड, सूत्रकृमीवर जगणारी पोकोनियासारखी बुरशी, आणि लागवडीला निरोगी रोपे हा रस्ता आहे. आणि कुजलेल्या मुळांचा वेल खताला भुकेला समजून त्याला रासायनिक खताचा डोस दिला, तर उरलेल्या मुळांवर क्षारांचा भार पडतो. तिन्ही गोष्टी रोज घडतात, आणि तिन्हींच्या मुळाशी एक पिवळे पान आणि एक घाईचा सल्ला असतो. मुळे धुवायला लागतो अर्धा तास.

वेलदोड्याकडे वळलो की हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने स्पष्ट होतो, कारण तिथे फोटो जिंकतो अशी एक ठळक जागा आहे. इडुक्की आणि कोडगूच्या वेलदोड्याच्या मळ्यांत कट्टे नावाचा विषाणुजन्य रोग आहे. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. फुटव्याच्या सर्वांत कोवळ्या पानावर मध्यशिरेपासून कडेकडे जाणाऱ्या, शिरांना समांतर, तुटक फिकट हिरव्या रेघा उमटतात. कोवळे पान उजेडाकडे धरून काढलेला एक नीट फोटो पुरतो. कोडगूत आढळणाऱ्या कोक्के कंडू या दुसऱ्या विषाणुजन्य रोगाच्या रेघांशी कट्टेची कधी गल्लत होते. पण त्या चुकीची किंमत शून्य आहे, कारण दोन्ही रोगांना औषध नाही आणि दोन्हींत करायचे ते एकच, झाड कंदासकट उपटून नष्ट करायचे. फोटोवरचे निदान किती अचूक हवे हे रोगावर ठरत नाही, त्यानंतर काय करायचे त्यावर ठरते, हे इथे लख्ख दिसते.

उलट बाजूला पानांची कूज आणि पानांचा करपा. केरळात अळुकल म्हणून ओळखली जाणारी कूज फायटोफ्थोराचीच, प्रामुख्याने मीडी या जातीची. कोकणातला बागायतदार या जातीला वेगळ्या नावाने ओळखतो, कारण सुपारीवर कोळेरोग आणणारी हीच. भर पावसात कोवळ्या पानांवर आणि बोंडांवर पाणी झिरपल्यासारखे चट्टे येतात, पाने कुजून शिरांच्या रेषेत फाटतात, बोंडे सडून गळतात. दुसरा रोग चेंतल, कोलेटोट्रिकमचा पानकरपा. पाऊस संपल्यावर पानांवर लांबट पिवळसर चट्टे येतात, मग लालसर-तपकिरी होतात, आणि दुरून मळा भाजल्यासारखा दिसतो. पाने सुकून फाटल्यावर काढलेल्या फोटोत दोन्ही सारखेच चिंध्या झालेले दिसतात. उपाय मात्र काही बाबतींत परस्परविरुद्ध आहेत. अळुकल दाट सावलीत, हवा न खेळणाऱ्या ठिकाणी बळावतो, म्हणून पावसाआधी सावली विरळ करतात. चेंतल सावली तुटलेल्या उघड्या भागात जास्त होतो, म्हणून तिथे सावली वाढवायला हवी. चुकीचा शब्द ऐकून माणूस कुऱ्हाड घेऊन मळ्यात गेला तर रोग त्याच्या हातानेच वाढेल. इथे पानाच्या फोटोपेक्षा त्यावरची तारीख अधिक बोलते, जुलै की नोव्हेंबर, आणि पानामागे दिसणारा आकाशाचा तुकडा. वेलदोड्याची तिसरी कूज कंदाची. पानांवर नुसता पिवळेपणा दिसतो. पण फुटवा हलकेच ओढला की तो बुंध्यातून सुटून हातात येतो. ती ओढ कुठल्याच फोटोत मावत नाही.

तिसरा आक्षेप प्रयोगशाळेचा. नमुना पाठवायचा तर ती दूर, उत्तर यायला दिवस लागणार, तोवर वेल जाईल. बुंध्याची लागण असेल तर तसाही तो जाणारच आहे, आणि त्याच्यासाठी घाई करण्यात अर्थ नाही. उत्तर हवे असते ते शेजारच्या हिरव्या वेलांसाठी, आणि त्यांना वेळ असतो. शिवाय संशोधक मातीतला फायटोफ्थोरा पकडायला वापरतात त्या आमिष पद्धतीची घरगुती नक्कल करता येते. बुंध्याजवळची ओली माती पेल्यात घेऊन तिच्यावर चार बोटे पाणी घालायचे, माती बसली की निरोगी मिरीच्या कोवळ्या पानाचे छोटे तुकडे वर तरंगत ठेवायचे आणि पेला सावलीत ठेवायचा. मातीत फायटोफ्थोरा जागा असेल तर पोहणारी बीजे तुकड्यांकडे येतात आणि दोन-तीन दिवसांत कडेने काळे, ओले डाग दिसू लागतात. बाजूला स्वच्छ पाण्यात तसेच तुकडे ठेवले नाहीत तर या प्रयोगाला किंमत नाही, कारण पान नुसते कुजूही शकते; आणि माती कोरडी पडली असेल तर डाग न येण्यावरून जीव नाही असे ठरत नाही. तरीही तरंगत्या तुकड्यांचा, शेजारच्या स्वच्छ पेल्यासकट काढलेला फोटो नोव्हेंबरातल्या पिवळ्या वेलाच्या फोटोपेक्षा कितीतरी पटीने बोलका असतो. प्रयोगशाळेला नमुना पाठवायचाच तर मेलेल्या वेलाचा पाठवू नये. मेलेल्या मुळांवर कुजवणाऱ्या इतर बुरश्या बसलेल्या असतात आणि मूळ गुन्हेगार सापडत नाही. नुकत्याच पिवळ्या पडू लागलेल्या वेलाची मुळे, भोवतालच्या ओल्या मातीसकट, प्लास्टिकच्या पिशवीत, उन्हात न तापवता पाठवावीत.

रोगाने वेल गेलाच तर तो मुळांसकट काढून बागेबाहेर नष्ट करणे आणि त्याच्या भोवतालच्या, विशेषतः उताराकडच्या, अजून हिरव्या दिसणाऱ्या वेलांना पुढच्या जूनच्या पहिल्या पावसानंतर द्रावण ओतणे, हा क्रम. रिकाम्या जागी नवा वेल लावताना आयआयएसआर शक्ती किंवा थेवम यांसारख्या, फायटोफ्थोराला बऱ्यापैकी तोंड देणाऱ्या जाती निवडता येतात. कोकणात सर्रास लावली जाणारी पन्नियूर-१ उत्पादनाला चांगली, पण या रोगापुढे हळवी. कोणतीही जात घेतली तरी रोपवाटिकेने पाठवलेल्या हिरव्यागार रोपांच्या फोटोवर सौदा करू नये. रोगट माती पिशवीतूनच बागेत येते, आणि दमट रोपवाटिकेत निम्मी मुळे गेलेले रोपही वर टवटवीत दिसते. गठ्ठ्यातली एक-दोन रोपे विकत घ्यावीत, पिशवी उभी चिरावी, माती धुवावी आणि मुळांवर गाठी, चट्टे किंवा सुटणारे आवरण आहे का ते पाहून मगच उरलेल्यांचे पैसे द्यावेत.